दोन दिवसांचा सेल आणि आठवडाभराच्या कॅप्शन्स

स्वयंपाकघरातील भांडी विकणाऱ्या एका व्यावसायिकांची इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरील खाती मी सांभाळते. मार्च महिन्यातील एका शनिवार-रविवारी त्यांनी तीन पदरी स्टीलच्या पातेल्यांवर सवलत द्यायचे ठरवले, आणि त्या सेलविषयी कोणत्या दिवशी काय लिहायचे हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. लिहायला बसण्याआधी मी खात्यावरच्या जुन्या सेलच्या पोस्ट वाचून काढल्या. त्या पोस्टपेक्षा त्यांच्याखालच्या प्रतिक्रिया मला अधिक उपयोगी पडल्या. "धमाका सेल! उद्यापासून सुरू! लवकर या, संधी सोडू नका!" अशा धाटणीची कॅप्शन वर होती, आणि खाली लोक एकामागून एक विचारत होते: किंमत काय, कोणत्या मापाचे आहे, इंडक्शनवर चालते का, झाकण सोबत मिळते का. जो गिऱ्हाईक होऊ शकला असता, त्याला आधी प्रश्न विचारावा लागत होता आणि मग उत्तराची वाट पाहावी लागत होती. त्यातही एक प्रश्न वेगळ्या प्रकारचा होता, "अजून चालू आहे का?", आणि तो बहुतेक वेळा सेल संपून गेल्यानंतर आलेला होता.

या शेवटच्या प्रश्नाचे कारण समजून घेतल्याशिवाय आठवड्याची आखणी करता येत नाही. इन्स्टाग्राम आणि फेसबुकच्या फीडमध्ये पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसत नाहीत. कोणाला काय आधी दाखवायचे हे ती यंत्रणा त्या व्यक्तीच्या आवडीनिवडीवरून ठरवते, त्यामुळे शुक्रवारी टाकलेली पोस्ट एखाद्याला शुक्रवारी दिसते, एखाद्याला रविवारी, तर एखाद्याला थेट सोमवारी. "उद्यापासून सुरू" हे शब्द सोमवारी वाचणाऱ्या माणसाला मंगळवारी दुकानात आणतात. तो येतो, सेल संपल्याचे ऐकतो आणि नाराज होऊन परत जातो. त्यात त्याची काहीच चूक नसते. म्हणून मी पहिली गोष्ट ठरवली ती अशी की "आज", "उद्या", "शेवटचा दिवस", "काही तासच उरले" हे शब्द फक्त स्टोरीमध्ये वापरायचे, कारण स्टोरी २४ तासांनंतर आपोआप नाहीशी होते आणि तिच्याबरोबर तो शब्दही जातो. फीडमधल्या पोस्टमध्ये मात्र वार आणि तारीख दोन्ही लिहायचे, आणि तेही पहिल्याच ओळीत.

यानंतर मी मालकांसोबत बसून सेलची माहिती एका कागदावर उतरवून घेतली. हा कागद तयार होईपर्यंत एकही कॅप्शन लिहायची नाही, असा माझा आग्रह असतो, कारण जी गोष्ट दुकानदाराच्या मनातच पक्की नसते, ती कॅप्शनमध्ये उत्साहाच्या शब्दांनी झाकली जाते आणि प्रतिक्रियांमध्ये प्रश्न बनून वर येते. कागदावर पातेल्यांची तीन मापे आली: १६ सेंटिमीटर व्यासाचे दीड लीटरचे, २० सेंटिमीटरचे ३ लीटरचे आणि २४ सेंटिमीटरचे ५ लीटरचे. प्रत्येकासोबत स्टीलचे झाकण होते. पहिल्या दोन मापांवर १५ टक्के सवलत होती आणि सगळ्यांत मोठ्या मापावर ३० टक्के. मालकांचा बेत "३० टक्क्यांपर्यंत सवलत" असे ठळक लिहिण्याचा होता.

मी विचारले, "दादा, मोठ्या पातेल्यावरच दुप्पट सवलत का?"

"ताई, त्याच्या कड्या जुन्या घडणीच्या आहेत. नवीन माल वेगळ्या कड्यांचा येतोय. हे १८ नग एकदा काढून टाकायचे आहेत."

हे उत्तर मला "३० टक्क्यांपर्यंत" या शब्दांपेक्षा कितीतरी चांगले वाटले. "पर्यंत" हा शब्द खोटा नसतो, परंतु दीड लीटरचे पातेले घ्यायला आलेला माणूस मनात ३० हा आकडा घेऊन येतो आणि गल्ल्यापाशी त्याला १५ टक्के सवलत मिळते. त्याच्या दृष्टीने त्याची निम्मी सवलत कोणीतरी कापून घेतलेली असते. याउलट कोणत्या मापावर किती सवलत आहे आणि मोठ्या मापावर ती जास्त का आहे, हे सरळ सांगितले, तर गिऱ्हाईक त्या कारणावर विश्वास ठेवतो. जुन्या घडणीच्या कड्या म्हणजे दोष नव्हे. ज्याला पातेल्याच्या बुडाशी काम आहे, त्याला त्या कड्यांनी काही बिघडत नाही. मालकांना आधी हे लिहिणे धोक्याचे वाटले, कारण "जुने" हा शब्द वाचून लोक दूर जातील अशी त्यांना भीती होती. मी त्यांना एवढेच सांगितले की तो शब्द कॅप्शनमध्ये नसला तरी पातेले हातात घेतल्यावर कड्या दिसणारच आहेत.

वेळेच्या बाबतीतही असेच एक वळण घ्यावे लागले. सेल "रविवारी रात्री १२ पर्यंत" ठेवायचा त्यांचा विचार होता. रात्रीचे १२ म्हणजे रविवार सुरू होतानाचे की संपतानाचे, याविषयी वाचणाऱ्याच्या मनात हमखास गोंधळ होतो, आणि शनिवारी मध्यरात्री सेल संपला असे समजून काही लोक रविवारी विचारतसुद्धा नाहीत. शिवाय ऑर्डर नोंदवण्याची वेळ धरायची की पैसे भरण्याची, हेही ठरलेले नव्हते. शेवटी शनिवारी सकाळी १० ते रविवारी रात्री ९ अशी वेळ ठरली, आणि त्या वेळेत नोंदवलेली ऑर्डर सवलतीस पात्र राहील असे कागदावर लिहिले गेले. रात्री ९ वाजता संदेशांना उत्तर देणारे माणूस जागेवर असते, हेही त्या वेळेमागचे एक कारण होते.

मग घोषणेची मुख्य कॅप्शन लिहायला घेतली. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येते, परंतु फीडमध्ये स्क्रोल करणाऱ्याला तिचा सुरुवातीचा भागच दिसतो. साधारण १२५ अक्षरांनंतर मजकूर कापला जातो आणि पुढे more असे दिसते. देवनागरीत लिहिताना एक बाब ध्यानात ठेवावी लागते. संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार यांनाही स्वतंत्र अक्षर मोजतो. "पातेली" हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो सहा अक्षरांचा भरतो. त्यामुळे मराठी ओळ कागदावर आटोपशीर दिसली तरी पडद्यावर लवकर कापली जाऊ शकते, आणि मी पहिली ओळ नेहमी शंभराच्या आसपास ठेवून मोबाइलवर मसुद्यातच पाहून घेते. जुन्या कॅप्शन्समध्ये ही सगळी मोलाची जागा "धमाका", "खुशखबर" आणि उद्गारचिन्हांनी भरलेली असायची आणि तारीख खाली दडलेली असायची.

माझी पहिली ओळ अशी झाली: "शनिवार १४ व रविवार १५ मार्च: तीन पदरी स्टीलच्या पातेल्यांवर १५ ते ३० टक्के सवलत. १६, २० आणि २४ सें.मी." कधी, कशावर, किती आणि कोणत्या मापांत, हे चारही प्रश्न त्या ओळीत मिटतात. जो पुढे वाचणार नाही, त्याच्यापर्यंतही एवढे पोहोचते. "पर्यंत" ऐवजी "१५ ते ३०" लिहिल्यामुळे कमीत कमी किती सवलत मिळेल हेही पहिल्याच नजरेत कळते.

खालचा मजकूर मी प्रतिक्रियांमधल्या जुन्या प्रश्नांच्या क्रमानेच लिहिला, आणि तो येथे जसाच्या तसा देते: "१६ सें.मी. (दीड लीटर) आणि २० सें.मी. (३ लीटर) या मापांवर १५ टक्के सवलत आहे. २४ सें.मी. (५ लीटर) या मापावर ३० टक्के सवलत आहे, कारण या पातेल्याच्या कड्या जुन्या घडणीच्या आहेत. याचे १८ नग शिल्लक आहेत. तिन्ही पातेली गॅस आणि इंडक्शन या दोन्हींवर चालतात, आणि प्रत्येकासोबत स्टीलचे झाकण मिळते. शनिवारी सकाळी १० पासून रविवारी रात्री ९ पर्यंत नोंदवलेल्या ऑर्डरला ही सवलत लागू राहील. ऑर्डरसाठी हवे ते माप आणि 'गुरुवार' हा शब्द आम्हाला संदेशातून कळवा." याखाली प्रत्येक मापाची मूळ किंमत आणि सेलची किंमत वेगवेगळ्या ओळींत लिहिली. "किंमत इनबॉक्समध्ये" हे लिहिण्याची पद्धत मला मान्य नाही. चौकशीच्या संदेशांची संख्या त्याने वाढते हे खरे, परंतु किंमत ऐकून गप्प होणारी माणसेच त्यात अधिक असतात, आणि ज्यांना विचारण्याचा संकोच वाटतो, ते तर मोजणीतही येत नाहीत.

या कॅप्शनमध्ये वाचणाऱ्याला मी एकच गोष्ट करायला सांगितली, ती म्हणजे संदेश पाठवणे. मित्राला टॅग करा, पोस्ट सेव्ह करा, शेअर करा, लिंक उघडा, अशा चार विनंत्या एकत्र केल्या की त्यांतली एकही नीट पोहोचत नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिहिलेली लिंक दाबता येत नाही, म्हणून तीही मी तेथे दिली नाही. ती प्रोफाइलमध्ये ठेवली आणि स्टोरीमध्ये लिंकचे स्टिकर वापरले.

चित्राविषयीचा निर्णय कॅप्शनइतकाच विचारपूर्वक घ्यावा लागला. इन्स्टाग्रामवर प्रकाशित झालेल्या पोस्टची कॅप्शन नंतर कधीही बदलता येते, पण त्यातला फोटो काढून त्या जागी दुसरा ठेवता येत नाही. याचा अर्थ असा की जी माहिती सेलच्या काळात बदलू शकते, ती चित्रावर छापायची नाही. मोठ्या पातेल्याचे १८ नग कधी संपतील हे कोणालाच माहीत नव्हते, म्हणून "३० टक्के" हा आकडा मी चित्रावर येऊ दिला नाही. चित्रावर तिन्ही पातेली लहान-मोठ्या क्रमाने आणि खाली "१४ व १५ मार्च" एवढेच ठेवले. जे चित्रावर होते ते सगळे कॅप्शनमध्येही होते, कारण दृष्टिहीन वाचक पडद्यावरचा मजकूर आवाजात ऐकतात आणि चित्रात कोरलेली तारीख त्यांना ऐकू येईलच असे नाही.

आता प्रश्न उरला तो दिवसांचा. घोषणा सोमवारी करावी, म्हणजे पाच दिवस हातात मिळतील, असे मालकांचे म्हणणे होते. मी त्याला विरोध केला. सोमवारी सवलत जाहीर केली की त्या आठवड्यात पूर्ण किमतीला पातेले घेणारा माणूसही हात आखडता घेतो आणि शनिवारची वाट पाहतो. म्हणजे सेलमधल्या विक्रीचा एक भाग आपल्याच खिशातून काढून दिलेला असतो. दुसऱ्या बाजूला, शुक्रवारी संध्याकाळी जाहीर केली तर फीडमध्ये पोस्ट पसरायला वेळच उरत नाही. गुरुवारची सकाळ या दोन्हींच्या मध्ये पडते. पोस्ट पसरायला दोन दिवस मिळतात, शनिवार-रविवारचे बेत लोक त्याच सुमारास आखू लागतात आणि वाट पाहण्याचा काळही थोडाच राहतो.

मात्र गुरुवारची कॅप्शन आटोपशीर राहावी, म्हणून सोमवार ते बुधवार या दिवसांनी आपापले काम आधी करून ठेवायला हवे होते. या तीन दिवसांत सेलचा उल्लेखही करायचा नाही, फक्त त्याच पातेल्यांविषयीच्या शंका फेडायच्या, असे मी ठरवले. सोमवारी देखभालीची पोस्ट गेली. स्टीलच्या भांड्याच्या आत पांढरे डाग दिसतात ते बहुधा जड पाण्यातल्या क्षारांचे असतात, आणि जास्त तापल्यावर बुडाला जी निळसर-सोनेरी झाक येते ती पृष्ठभागावरच्या अतिशय पातळ थराची असते. दोन्हींसाठी थोडे व्हिनेगर फिरवून भांडे धुतले की काम होते, आणि त्यासाठी तारेच्या घासणीची गरज नसते. इतकेच त्या कॅप्शनमध्ये होते. अशा पोस्टला प्रतिक्रिया कमी येतात, पण लोक ती सेव्ह करून ठेवतात, आणि भांडे घेऊन वर्ष झालेल्या जुन्या गिऱ्हाइकालाही तिचा उपयोग होतो.

मंगळवारची पोस्ट मापांची होती आणि ती मला या सगळ्या आठवड्यातली सर्वांत महत्त्वाची वाटते. भांडी ऑनलाइन घेणाऱ्याची मोठी अडचण ही असते की २० सेंटिमीटर म्हणजे नेमके केवढे, हे फोटोवरून कळत नाही. मागे-पुढे ठेवलेली तीन पातेली फोटोत जवळजवळ सारखीच दिसतात. लीटरचा आकडाही पुरेसा नसतो. आम्ही मोजपात्राने २० सेंटिमीटरच्या पातेल्यात पाणी ओतून पाहिले, तेव्हा ३ लीटर पाणी अगदी काठाला टेकले. उकळणाऱ्या पदार्थाला वर जागा लागते, म्हणून प्रत्यक्ष वापरात हे पातेले २ लीटरच्या आसपासचे समजावे, असे आम्ही कॅप्शनमध्ये स्पष्ट लिहिले आणि २ लीटर पाण्याची पातळी कुठे येते तो फोटो सोबत दिला. मालकांच्या पत्नीने त्या फोटोत पातेल्याशेजारी आपला पंजा पसरून ठेवण्याची कल्पना सुचवली, आणि आकाराचा अंदाज देण्यासाठी त्याहून सोपा उपाय मला अजून सापडलेला नाही.

बुधवारी फीडमध्ये काही टाकले नाही. स्टोरीमध्ये प्रश्नांचे स्टिकर लावून "तीन पदरी पातेल्याविषयी काय जाणून घ्यायचे आहे?" एवढेच विचारले. आलेल्या प्रश्नांपैकी सर्वाधिक इंडक्शनविषयीचे होते, आणि त्यांचे उत्तर लिहिण्याऐवजी दाखवून देता आले: पातेले उलटे धरून बुडाला लोहचुंबक लावला, तो चिकटून राहिला. इंडक्शन शेगडीला चुंबक चिकटेल असे बूड लागते, हे त्या काही सेकंदांत कोणालाही पटते. गुरुवारच्या कॅप्शनमधले "गॅस आणि इंडक्शन या दोन्हींवर चालतात" हे वाक्य म्हणूनच स्पष्टीकरणाशिवाय उभे राहू शकले.

गुरुवारी सकाळी घोषणा गेली आणि ती पोस्ट प्रोफाइलच्या वरच्या भागात पिन केली. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टसाठी मात्र तोच मजकूर चिकटवला नाही. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि आपला क्रमांक ज्यांनी जतन करून ठेवला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो. म्हणजे ही माणसे आधीपासून ओळखीची असतात आणि त्यांना दुकानाची ओळख करून देण्याचे कारण नसते. त्यांच्यासाठी तारीख, तीन मापे, किमती आणि वेळ एवढाच चार ओळींचा संदेश पुरेसा होता.

शुक्रवारी रील टाकली आणि तिच्यात तीन पदर म्हणजे काय ते दाखवले. आत आणि बाहेर स्टील, आणि मध्ये ॲल्युमिनियमचा थर, अशी या पातेल्याची रचना असते; ॲल्युमिनियम उष्णता भराभर पसरवते, स्टील तितकेसे पसरवत नाही. शब्दांत हे सांगितले तर कोणी थांबत नाही. म्हणून एका पातळ एकपदरी स्टीलच्या भांड्यात आणि या पातेल्यात कोरड्या पिठाचा पातळ थर पसरून दोन्ही मंद आचेवर ठेवली. साध्या भांड्यात ज्योतीच्या वर्तुळाबरहुकूम पीठ एका कड्यात करपले आणि मधला भाग पांढराच राहिला. तीन पदरी पातेल्यात सगळीकडे जवळजवळ सारखा बदामी रंग आला. रीलची कॅप्शन दोनच वाक्यांची होती: "दोन्ही भांड्यांत पीठ सारखे आहे आणि आचही सारखी आहे. फरक बुडातल्या मधल्या ॲल्युमिनियमच्या थराचा आहे." सेलची तारीख त्याखाली एका ओळीत दिली, टक्केवारी दिली नाही. रील कित्येक आठवडे नव्या लोकांना दिसत राहते, त्यामुळे तिचा मुख्य मजकूर सेल संपल्यावरही खरा राहील असाच असावा लागतो. तारखेची ओळ नंतर काढून टाकता येते.

शनिवार आणि रविवार या दोन दिवसांत फीडमध्ये एकही नवीन पोस्ट टाकली नाही. अनेकांना हे उलटे वाटते, कारण सेल ज्या दिवशी असतो त्या दिवशीच सर्वाधिक लिहावे अशी स्वाभाविक समजूत असते. परंतु रविवारी दुपारी टाकलेली फीडमधली पोस्ट बऱ्याच जणांना सोमवारी दिसणार, आणि मग पुन्हा "अजून चालू आहे का?" हा प्रश्न येणार. या दोन दिवसांचे काम स्टोरीकडे सोपवले. शनिवारी सकाळी दुकानातल्या मांडणीचा फोटो आणि "सुरू झाले, उद्या रात्री ९ पर्यंत" ही ओळ, दुपारी शिल्लक नगांची स्थिती, रविवारी सकाळी उलटी मोजणी दाखवणारे काउंटडाउन स्टिकर आणि संध्याकाळी एक शेवटची आठवण, एवढ्याच स्टोरी गेल्या.

शनिवारी दुपारी २४ सेंटिमीटरचे सगळे नग संपले. अशा वेळी खरी परीक्षा होते, कारण पिन केलेली पोस्ट तोपर्यंत ३० टक्क्यांची भाषा बोलत असते आणि नवीन माणूस नेमका तेवढ्यासाठीच येतो. पहिली ओळ लगेच बदलली: "शनिवार १४ व रविवार १५ मार्च: १६ आणि २० सें.मी. पातेल्यांवर १५ टक्के सवलत. २४ सें.मी.चे सर्व नग संपले." खालचे ३० टक्क्यांचे वाक्यही काढले. हेच फेसबुकवर वेगळे जाऊन करावे लागते. दोन्हीकडे एकदम टाकलेली पोस्ट एका ठिकाणी दुरुस्त केली म्हणून दुसऱ्या ठिकाणी दुरुस्त होईल असे धरून चालता येत नाही. हे काम कोण करणार, हे शुक्रवारीच ठरलेले होते. दुकानातून शेवटचा नग गेला की मला एक संदेश येणार आणि मी दोन्हीकडची पहिली ओळ बदलणार, एवढी साधी व्यवस्था होती. ती नसेल तर नग संपल्याची बातमी दुकानात राहते आणि पोस्टपर्यंत संध्याकाळी पोहोचते.

रविवारी रात्री ९ नंतर पोस्ट काढून टाकावी का, हा प्रश्न मालकांनी विचारला. मी ती ठेवायला सांगितले, कारण तिच्याखाली मापांविषयीची उपयुक्त प्रश्नोत्तरे जमली होती. फक्त पहिली ओळ "हा सेल १५ मार्च रोजी संपला आहे. ही पातेली नेहमीच्या किमतीत उपलब्ध आहेत." अशी केली आणि पोस्ट अनपिन केली. उशिरा पोहोचणाऱ्याला निदान खरी माहिती मिळते, आणि त्यातल्या काहींना पातेले हवेच असते.

कोणत्या मजकुराने काय साधले हे कळावे म्हणून गुरुवारच्या पोस्टमध्ये "गुरुवार" हा शब्द कळवायला सांगितला होता, तसा शनिवारच्या स्टोरीमध्ये "कडी" हा शब्द दिला होता. अनेक जण शब्द सांगायला विसरतात, शिवाय पोस्ट आणि स्टोरी दोन्ही पाहिलेला माणूस त्यांपैकी एकच शब्द सांगतो, त्यामुळे ही मोजणी अंदाजापुरतीच धरावी लागते. तरीही तिच्यातून एक गोष्ट दिसली. ऑर्डरची घाई शनिवारी सकाळच्या स्टोरीनंतर झाली, परंतु "गुरुवार" हा शब्द घेऊन येणाऱ्यांचे संदेश फार छोटे होते: माप, पत्ता आणि तो शब्द. त्यांना काही विचारायचे उरलेले नव्हते. "कडी" म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण मात्र आधी माप विचारत होते, कारण स्टोरीमध्ये ते सांगण्याइतकी जागाच नव्हती. पुढच्या वेळी शनिवारच्या पहिल्या स्टोरीवर मंगळवारच्या पोस्टची लिंक ठेवायची, हे त्यावरून ठरले.

पोस्ट किती जणांपर्यंत पोहोचली, हा आकडा मी नोंदवून ठेवते, पण एका सेलच्या आकड्यावरून निष्कर्ष काढत नाही. लहान खात्यावर एखादी रील चालली की तो आकडा भलताच फुगतो. त्याऐवजी घोषणेखाली आलेले प्रश्न मोजणे मला अधिक भरवशाचे वाटते. किंमत, माप, इंडक्शन, झाकण यांपैकी ज्याचे उत्तर कॅप्शनमध्ये आहे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते उत्तर चुकीच्या जागी, बहुधा फार खाली, लिहिलेले आहे असे समजावे. ज्याचे उत्तर कॅप्शनमध्ये नाहीच असा प्रश्न आला, तर तो माहितीच्या कागदावर चढवावा. या वेळी असा एकच प्रश्न वरचेवर आला: झाकणाला वाफ बाहेर जाण्यासाठी छिद्र आहे का? आमच्यापैकी कोणाच्याही तो ध्यानात आला नव्हता. छिद्र नाही, आणि उतू जाऊ नये म्हणून झाकण थोडे तिरके ठेवावे लागते; पुढच्या मंगळवारची पोस्ट त्याचीच झाली.